भाचीच्या भेटीचा मसुदा

आमच्या गावच्या दूध संस्थेचा मी सचिव. सचिव म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं टेबल, पंखा आणि घंटी येते. टेबल माझ्याकडं आहे. पंखाही आहे, फक्त तो फिरताना पाहायला नशीब लागतं. घंटी वाजवून बोलवावं असं संस्थेत माझ्याशिवाय कुणी नाही, म्हणून ती आणलीच नाही.

पण ठराव लिहावा तर मीच, हा माझा तेव्हाचा समज होता. गावात कुणाला अर्ज लिहायचा असो की पत्रिकेतला मजकूर, लोक माझ्याकडं यायचे. माझ्या हातचा मजकूर ‘सभा सर्वानुमते असे ठरवते की’ असा सुरू व्हायचा. एकदा मुंजीची पत्रिकाही तशीच सुरू झाली होती. छापखानेवाल्याला वाटलं यांच्यात अशीच रीत असेल. त्यानं तशीच छापली.

ही गोष्ट त्या सलग दुसऱ्या दुष्काळी सालातली. जनावरं चारा छावणीला गेली आणि संस्थेत सकाळी आठ-नऊ कॅन भरायचे तिथं दीड कॅन भरायला लागला. उरलेला दिवस मी टेबलाशी बसून टोकदार पेन्सिली आणखी टोकदार करायचो. अशा रिकाम्या सचिवाच्या घरात कोर्टाची नोटीस आली.

नोटीस माझ्या धाकट्या बहिणीच्या नावानं होती. ती दीड वर्षापासून आठ वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडं राहत होती. नवऱ्याशी का पटलं नाही ते मी इथं सांगत बसत नाही; मला अर्धंच माहीत आहे, आणि ते अर्धंही दोघांनी वेगवेगळं सांगितलेलं. माणूस व्यसनी नव्हता, मारणारा नव्हता. पण दोघं एका छपराखाली आले की शेजारचे लोक रेडिओ बंद करून ऐकायचे, एवढं खरं. आता त्यानं बीडच्या कोर्टात अर्ज टाकला होता: मुलीचा ताबा मला मिळावा.

बहीण नोटीस हातात धरून ओट्यावर बसली. “दादा, न्हेतील का रं तिला?”

“कोन न्हेतंय? मी हाय की,” मी म्हणालो. माझ्या असण्यानं आजवर संस्थेचं दूधसुद्धा नासायचं थांबलं नव्हतं, पण वेळेला माणूस असंच बोलतो.

कायदा आमच्या पारावर प्रत्येकाला येतो. एकानं सांगितलं, पोरगी आईचीच. दुसऱ्यानं सांगितलं, पाच वर्षं झाली की पोरगी बापाची, सरळ हिशेब. बहिणीनं हे दुसरं ऐकलं आणि दोन दिवस भाकरीला हात लावला नाही. शेवटी बीडला वकील गाठला. वकीलसाहेब वयस्कर होते आणि अशिलाचं बोलणं ऐकताना डोळे मिटून घ्यायचे. सुरुवातीला मला वाटलं झोपले.

डोळे न उघडताच ते म्हणाले, “पारावरचा कायदा पारावर ठेवा. पाच वर्षांच्या आतलं लेकरू साधारणपणे आईपाशी राहावं, एवढं कायद्यात आहे. पाच संपली म्हणून ते आपोआप बापाकडं जात नाही. आणि आई आहे म्हणून आपोआप आईकडंही राहत नाही. कोर्ट बघतं मुलीचं हित. शाळा कुठं, सांभाळतं कोण, जवळ कोण असतं, आणि मूल समजतं झालं असेल तर त्याचं म्हणणं काय.”

“मग आपली बाजू भक्कम हाय ना साहेब?”

“बाजू मुलीची असते. तुम्ही फक्त तिचे मामा आहात.”

हे ‘फक्त’ मला तेव्हा आवडलं नाही.

पहिल्या काही तारखांत कोर्टानं तात्पुरता आदेश दिला. अर्जाचा निकाल लागेपर्यंत मुलगी आईकडंच राहील. बापानं महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, अकरा ते एक, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत तिला भेटावं. दुसरा-चौथा शनिवार कोर्टाला सुट्टी, म्हणून पहिला-तिसरा. त्या खोलीत एक सतरंजी होती, भिंतीवर रंगवलेला जिराफ होता आणि एक कॅरमबोर्ड, ज्याची क्वीन हरवली होती. आम्ही घरची माणसं बाहेरच्या बाकावर.

अडचण अशी की दाजी टँकर चालवायचे. गोदावरीच्या काठी एका विहिरीवर भरायचा आणि कोरड्या गावांच्या विहिरींत नेऊन ओतायचा. दुष्काळात टँकरला शनिवार नसतो. चार भेटींपैकी दोन भेटींना ते आलेच नाहीत. भाचीनं जिराफाशी किती बोलावं? मी मनातून खूश झालो. वकीलसाहेबांना म्हणालो, “लिहून घ्या साहेब, बाप भेटायलाच येत न्हाई.”

मी खूश होतो त्याच महिन्यात आमच्या गावाला टँकर मंजूर झाला. दर तिसऱ्या दिवशी एक खेप. पहिल्या खेपेला सगळं गाव विहिरीपाशी जमलं, मीही गेलो, आणि टँकरच्या केबिनमधून उतरले कोण? आमचे दाजी.

“रामराम पाव्हणं,” ते म्हणाले.

“तुमी? हिकडं?”

“ठेकेदाराला मागून घेतलं तुमचं गाव. दुसरे म्हणत व्हते, लई खड्डे हायत, नगं. मी म्हणलं, खड्डे माह्या वळखीचे हायत.”

भाची शाळेतून सुटली ती थेट विहिरीवर. दप्तरासकट केबिनमध्ये चढली. टँकर रिकामा व्हायला पाऊण तास लागायचा, तेवढा वेळ दोघं पुढं बसायचे. मग रिकामा टँकर तिला वेशीपर्यंत सोडायचा. तिला स्टेअरिंगला हात लावू द्यायचे, हॉर्न वाजवू द्यायचे. आमच्या गावाला तो हॉर्न ऐकून पाणी आलं हे कळायचं. मला कोर्टाचा आदेश मोडला हे कळायचं.

वकीलसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, “आदेशात दोन शनिवार दिलेत. रस्त्यात भेटू नये असं काही लिहिलेलं नाही. उगीच चिघळवू नका.” पण मी सचिव. मला नोंद केल्याशिवाय राहवेना. दुधाच्या संकलनाची एक कोरी वही काढली, दोन-दोन रकान्यांची, आणि प्रत्येक खेपेला विहिरीच्या कठड्याशी उभा राहून लिहायला लागलो. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, मुलीची स्थिती. दुधाच्या वहीत प्रत येते तसा शेरा. ‘येताना पळत. जाताना मंद.’ ‘हसली, आवाज रस्त्यापर्यंत.’ ‘बाप पाना घेऊन टँकरखाली, मुलीनं पाना धरला.’ ‘बाप आणि मुलगी एका डब्यात जेवली. पिठलं.’ मी खोटं लिहू शकत नाही, हा माझा जुना दोष आहे. बावीस वर्षांत पातळ दुधाला मी घट्ट लिहिलं नाही, म्हणून तर तीनदा निवडणुकीला पडलो.

गाव मला हसायचं. विहिरीवर बायका म्हणायच्या, “आलं बाई आमचं पोलीस ठाणं.” एक म्हातारी तर दर खेपेला विचारायची, “सचिवराव, माही घागर लिहिली का?”

भाची एकदा वेशीत उतरून माघारी विहिरीवर माझ्याजवळ आली. “मामा, तू कावून लिहितो?”

“तुझ्या भल्यासाठी.”

“मग मला दाखव.”

“कोर्टाचे कागद लेकरांनी बघायचे नसतेत.”

त्या संध्याकाळी तिनं मला चहाचा कप आणून दिला नाही, जो ती रोज द्यायची.

तिकडं कोर्टानं प्रकरण मध्यस्थीकडं पाठवलं. मध्यस्थी म्हणजे काय हे मला वाटलं तंटामुक्तीसारखं असेल: फेटेवाले चार जण आणि बिडीचा धूर. तर एक खोली, गोल टेबल, आणि मागं अंबाडा घातलेल्या पन्नाशीतल्या एक बाई. त्या स्वतः वकील होत्या, पण या प्रकरणात कुणाच्याच नाही. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, इथं जे बोलाल ते निकालासाठी कोर्टात वापरलं जात नाही, म्हणून मोकळं बोला. एकमत झालं तर लिहून काढू, नाही झालं तर प्रकरण जज्जसाहेबांसमोर आहेच. मग त्या बहिणीशी एकटीशी बोलल्या, दाजींशी एकट्याशी बोलल्या. माझ्याशी कुणी एकट्यानं बोललं नाही.

पुढच्या बैठकीला दोघांनी आपापल्या मनातलं भेटीचं वेळापत्रक लिहून आणावं, असं बाईंनी सांगितलं. हे ऐकून माझ्या अंगात जे संचारलं ते सांगवत नाही. बहीण म्हणाली, “दादा, साधं लिही. दिवस आन् वेळ.” मी म्हणालो, “तू बस.” संस्थेच्या टेबलावर तीन दुपारी बसून चौदा कलमांचा मसुदा केला. वर मथळा: भेटीसंबंधीचे उपविधी.

बैठकीच्या दिवशी दाजींनी बनियनच्या आतून चौकोनी घडीचा कागद काढला. त्यावर एकच ओळ होती: ‘जवा सवड मिळल तवा.’ आणि मी चौदा कलमं ठेवली. बाईंनी चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. नवव्या कलमावर थांबल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“हे मी मोठ्यानं वाचते हं,” त्या म्हणाल्या. “‘भेटीच्या नियत वेळी वडील हजर नसल्यास कोरमअभावी भेट अर्धा तास तहकूब करण्यात येईल. तहकूब भेट त्याच दिवशी त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला कोरमची अट राहणार नाही.’”

दूध संस्थेची वार्षिक सभा आम्ही बावीस वर्षं अशीच घेत आलो. सभासद येत नाहीत, अर्धा तास तहकूब, मग मी, चेअरमन आणि चहावाला. हात आपोआप तेच लिहून गेला होता.

“म्हणजे मामा,” बाई म्हणाल्या, “बाप आला नाही तर अर्ध्या तासानं भेट सुरू होणार. कोण कुणाला भेटणार?”

मी कागद ओढून नववं कलम पुन्हा वाचलं.

“पोरगी खुर्चीला भेटंल,” दाजी म्हणाले.

आणि माझी बहीण हसली. नोटीस आल्यापासून ती पहिल्यांदा हसली. पदर तोंडावर धरून, खांदे हलेपर्यंत. दाजीही हसले. मग दोघांना एकदम लक्षात आलं की आपण एकाच गोष्टीवर हसतोय, आणि दोघं टेबलाकडं बघायला लागले. मला आजही वाटतं, माझ्या लिखाणाचा समाजाला एवढाच उपयोग झाला.

अपमान भरून काढायला मी वही काढली. “बाई, हेबी बघा. कोर्टाच्या आदेशाबाहेरच्या भेटी. तारीखवार.” मला वाटलं, आता दाजींचा चेहरा उतरेल.

बाई पानं उलटत राहिल्या. बराच वेळ. मग विचारलं, “हे सगळं तुम्ही स्वतः बघून लिहिलंत?”

“शब्द न् शब्द.”

“दोन महिन्यांत दर तिसऱ्या दिवशी खेप. एकही चुकलेली नाही. पाऊण तास दिला, वेशीत आणून सोडलं, अंधार पडायच्या आत. येताना पळत, जाताना मंद. मामा, बापाच्या बाजूनं इतकं सुवाच्य मी कुणाच्या वकिलाकडूनही वाचलं नाही.”

दाजी माझ्याकडं बघायला लागले. कुठं बघावं ते मला कळेना, म्हणून मीही वहीतच बघितलं.

“आणि हा डबा,” बाई म्हणाल्या. “पिठलं, पुढच्या खेपेला मेथी, मग पुन्हा पिठलं. डबा कुणाचा?”

हे मी कधी विचारलंच नव्हतं. मला वाटायचं दाजींचा. दाजी म्हणाले, “पोरगी आनती. मला वाटलं तिचा शाळंतला.”

बहीण टेबलाच्या कडेवर नख ओढत बसली होती. “शाळेत खिचडी असती,” ती म्हणाली. “तिला डबा लागत न्हाई. मी देत होते. दोघांपुरता. ती म्हणली, पप्पा दिवसभर काई खात न्हाई.” मग घाईनं बाईंकडं बघून, “पर यानं माझा हक्क जाईल का हो? आदेशाबाहेर मीच पाठवलं असं व्हईल का?”

आता मला समजलं की ती घाबरत कशाला होती. पारावरच्या कुणीतरी तिला सांगितलं होतं, बापाबद्दल एक शब्द बरा बोललीस की मुलगी गेली. म्हणून ती माझ्यापासूनही डबा लपवत होती. आणि मी डोळ्यांसमोरचं पिठलं नुसतं लिहीत होतो.

बाई म्हणाल्या, “उलट आहे ताई. कोर्ट हेही बघतं की मूल ज्याच्याकडं राहील तो दुसऱ्याला भेटू देईल का. तुम्ही न सांगता देत होतात.” मग दाजींकडं वळल्या. “तुम्ही ताबा मागितलाय. तो मिळाला समजा. तुम्ही पहाटे टँकरवर जाता. मुलीजवळ कोण?”

“आई हाय माझी.”

“आई कुठं असतात?”

“छावनीत,” दाजी हळूच म्हणाले. “चार जनावरं हायत. तिथंच खोपट टाकलंय.”

“मुलीची शाळा?”

दाजींनी आपल्या कागदाची पुन्हा चौकोनी घडी घातली. मग म्हणाले, “मला ठाऊक हाय बाई, ती हिच्यापाशीच नीट हाय. पर अर्ज न्हाई टाकला तर मला कोन इचारतंय? टँकर बंद झाला की मी त्या गावात कशानं जाऊ? लिहून द्या काहीतरी. लिहिलेलं असंल तर मी ताबा मागत न्हाई.”

बहिणीनं पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट बघितलं. पण तिची भीती अजून जागेवर होती. “रातचं न्हेलं आन् माघारी आनलंच न्हाई तर?”

“म्हणूनच लिहायचं असतं,” बाई म्हणाल्या, आणि माझ्याकडं कोरा कागद सरकवला. “मामा, अक्षर तुमचं चांगलं आहे. मी सांगते ते लिहा. फक्त तेच लिहा.”

त्या दुपारी मी शिकलो की भेटीचं वेळापत्रक लिहिणं म्हणजे भांडणाला जागा ठेवायची नाही. ‘रविवारी’ नाही, ‘दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी’. ‘सकाळी’ नाही, ‘सकाळी दहाला’. महिन्यात पाचवा रविवार आला तर? तो आईचा. नेणार कोण, आणणार कोण? बापच नेईल, बापच आणेल. कुठून? आमच्या दारातून नको, तिथं शेजार जमतो. मी माझ्या संस्थेचा ओटा सुचवला. माझं एवढं एक कलम टिकलं. उशीर झाला तर अर्धा तास थांबायचं, त्याआधी फोन करायचा. भेट चुकली तर पुढच्या रविवारी भरून द्यायची. पहिले दोन महिने फक्त दिवसाची भेट, संध्याकाळी पाचला परत. मग शनिवारी दुपारी नेऊन रविवारी पाचला परत. मुक्काम पक्क्या घरात, छावणीत नाही. छावणीत आजीला भेटायला दिवसा जाता येईल. दिवाळीची सुट्टी अर्धी अर्धी. उन्हाळ्याचीही अर्धी, पण दाजी टँकरवर असतील तोवर मुलीजवळ आजी हजर पाहिजे. रोज संध्याकाळी सात वाजता फोन, दहा मिनिटं. शाळेचा निकाल, आजारपण दोघांनाही कळवायचं. कोर्टाला सांगितल्याशिवाय मुलीला जिल्ह्याबाहेर राहायला न्यायचं नाही.

दिवाळीवर तास गेला. दाजींना लक्ष्मीपूजन आणि पाडवा हवा होता. बहिणीला भाऊबीज. मी म्हणालो, “भाऊबीजेला तू मह्याकडंच असती, मुलगी हाय काय न्हाय काय.” तर म्हणाली, “तुला ओवाळताना ती ताट धरती. मला एकटीला जमत न्हाई.” बाईंनी भाऊबीज आईला लिहिली.

आणि रविवारचा घोळ. टँकरवाल्याला रविवार कुठला? मी पुन्हा पुढं सरसावलो: “टँकर चालू असेपर्यंत दाजींच्या सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारपर्यंत कळवून, टँकर बंद झाल्यावर दुसरा-चौथा रविवार.” बाईंनी मान हलवली. दोघांनी, दोघांच्या वकिलांनी सह्या केल्या. साक्षीदार म्हणून माझी सही कुणी मागितली नाही.

पण कागद लिहिला म्हणजे आदेश होत नाही. जज्जसाहेबांनी दोघांना समोर उभं करून विचारलं, हे राजीखुशीनं आहे का, समजून सही केली का. मग मसुदा वाचून म्हणाले, “‘टँकर बंद झाल्यावर’ हे कुणी ठरवायचं?”

मी मागून हात वर केला. वकीलसाहेबांनी तो खाली ओढला.

“पाऊस येईल तेव्हा येईल,” साहेब म्हणाले. “आदेशाला तारीख लागते.” दोघांना विचारून त्यांनी तिथं जुलैअखेर घातलं, त्यानंतर टँकर असो नसो, दुसरा-चौथा रविवार. मग म्हणाले, “मुलीशी बोलतो.”

भाचीला त्यांनी चेंबरमध्ये नेलं. आत आई नाही, बाप नाही, वकील नाहीत. आम्ही बाहेर. बहीण पायऱ्यांवर बसली, उठली, पुन्हा बसली. कागदावर सह्या असल्या तरी मुलीनं आत काही वेगळं सांगितलं तर साहेब तो कागद बाजूला ठेवू शकतात, हे तिला माहीत होतं. दाजी नळाच्या तोटीशी उगीच हात धूत होते. वीस मिनिटांनी भाची बाहेर आली, हातात एक चॉकलेट.

मी गाठलं. “काय इचारलं साहेबांनी?”

“सांगायचं न्हाई. साहेब म्हणले, हे आपल्या दोघांतलं हाय.”

“मामाला सांगायला काय हुतं?”

“तूबी मला वही कुठं दाखवली?”

दुपारनंतर आदेश वाचला गेला. मुलीचा ताबा आईकडं. बापाला ठरलेल्या अटींप्रमाणं भेट आणि मुक्काम. परिस्थिती बदलली तर दोघांपैकी कुणीही पुन्हा कोर्टात येऊ शकतं. बहिणीनं श्वास सोडला तो मला मागच्या बाकावर ऐकू आला. मग साहेबांनी शेवटची एक अट वाचली, जी मी लिहिलेली नव्हती आणि बाईंनीही नव्हती. चेंबरमधून आल्यावर त्यांनी ती दोन्ही वकिलांना विचारून घातली होती: ‘भेटीच्या वेळी मुलीच्या आईकडील कोणीही नातेवाईक नोंदवही घेऊन उपस्थित राहणार नाही.’

कोर्टात सगळे माझ्याकडं वळून बघत होते. वकीलसाहेबांनीसुद्धा डोळे उघडले. ‘कोणीही नातेवाईक’ हे त्यांनी मला वाचवायला सुचवलं होतं, असं नंतर कळलं. साहेबांच्या मूळ शब्दांत म्हणे ‘मामा’ होतं.

वही मी संस्थेच्या कपाटात टाकली आणि कुलूप लावलं. किल्ली भाचीकडं दिली. तिनं ती कुठं ठेवली मला माहीत नाही, विचारायची छातीही नाही.

दिवसाच्या भेटी सुरळीत गेल्या. मुक्कामाची पहिली भेट ऑगस्टमध्ये आली. पाऊस अजून हुलकावणी देत होता, टँकर चालूच होते, पण दाजींनी ठेकेदाराला सांगून दोन दिवस बदली माणूस दिला. शनिवारी दुपारी भाची पिशवी घेऊन गेली. रविवारी पाचच्या आधीच बहीण संस्थेच्या ओट्यावर येऊन बसली. मीही बसलो, लिहायला काही नव्हतं म्हणून हातांचं काय करावं ते कळेना.

पाच झाले. रस्त्यावर कुणी नाही. सव्वापाच. बहीण मोबाइल पालथा करून पुन्हा सुलटा करत होती. मी म्हणालो, “अर्धा तास हाय.” ती म्हणाली, “मला ठाऊक हाय.” पाच वीसला फोन वाजला: एसटी गेवराईच्या पुढं पंक्चर झाली, जीपनं येतोय. साडेपाचला दोन मिनिटं कमी असताना जीप थांबली आणि भाची उतरली. कपाळाला कुंकू, तोंडभर धूळ.

बहिणीनं तिला पुढं ओढून डोक्यावरून, पाठीवरून हात फिरवला, बाजारातून आणलेली वस्तू फुटली नाही ना हे बघावं तसा. मग पिशवी उघडली.

“निळा फ्रॉक कुठंय?”

“तिकडं ठेवला,” भाची म्हणाली. “आजी छावनीतून घरी आली व्हती, तिनं खुंटी दिली मला. पुढच्या येळंला लागंल की.”

बहीण पिशवीत हात घालून तशीच उभी राहिली. मला वाटलं आता रडेल. दाजींनाही तसंच वाटलं असावं, ते घाईनं म्हणाले, “आनून देतो उद्या. इसरलो म्हणावं तर... इसरलो न्हाई, तिनंच ठेवला.”

जीपवाला हॉर्न वाजवत होता. बहीण म्हणाली, “थांबा म्हणावं त्याला.” आणि घराकडं निघाली. पाच मिनिटांनी आली तेव्हा तिच्या हातात पिवळा फ्रॉक होता, घडी घातलेला, वर कंगवा आणि रिबिनीचं बंडल.

“निळा लई आखूड झालाय तिला,” ती दाजींना म्हणाली. “शेजारचे हसतील. ह्यो घेऊन जा. तिकडंच राहू द्या.”